विश्लेषण : ‘४० टक्के कमी’ की ‘७ टक्के कमी’? ऑड्स रेशो आणि रिलेटिव्ह रिस्क यांत गल्लत कुठे होते?

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील अनेक वृत्तमाध्यमांनी एक धक्कादायक बातमी दिली. छातीत दुखत असल्याची तक्रार घेऊन आलेल्या कृष्णवर्णीयांना आणि महिलांना हृदयाच्या पुढील तपासणीसाठी पाठवले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी असते, असे त्यात म्हटले होते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील शोधनिबंधात ०.६ हा आकडा होता, त्यावरून हे ४० टक्के आले. मात्र त्याच निबंधातील आकड्यांवरून साधे गणित केले, तर फरक सुमारे ७ टक्के निघत होता. आकडा चुकला नव्हता, त्याचा अर्थ चुकला होता. तो ऑड्स रेशो होता आणि वाचला गेला रिलेटिव्ह रिस्क म्हणून. ही दोन मापे वेगळी का आहेत आणि कोणते कधी वापरायचे, हे समजण्यासाठी आधी अभ्यास कसा झाला ते पाहावे लागते.

दोन प्रकारचे अभ्यास म्हणजे काय?

याचे उत्तम उदाहरण धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संशोधनात सापडते. ब्रिटनमधील रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या जोडीने एकाच प्रश्नाचा दोन्ही मार्गांनी शोध घेतला.

पहिला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमधील २० रुग्णालयांतून फुप्फुसाचा कर्करोग झालेले ७०९ रुग्ण निवडण्यात आले. त्यांच्या तुलनेसाठी हा आजार नसलेले, पण वय आणि लिंग जुळणारे आणखी ७०९ रुग्ण घेण्यात आले. मग दोन्ही गटांना धूम्रपानाबद्दल विचारले गेले. सुरुवात आजारापासून झाली आणि शोध मागे, कारणाकडे गेला. ही केस-कंट्रोल स्टडी.

दुसरा अभ्यास १९५१ मध्ये सुरू झाला. डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली आणि सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तर दिले. कोण सिगारेट ओढतो आणि किती, याची नोंद आधी झाली. त्यानंतर कोणाचा मृत्यू कशाने होतो, यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. सुरुवात सवयीपासून झाली आणि शोध पुढे, परिणामाकडे गेला. ही कोहॉर्ट स्टडी.

‘जुन्या नोंदी वापरल्या म्हणजे केस-कंट्रोल’ असा एक समज आहे, तो बरोबर नाही. एखाद्या कारखान्याच्या ३० वर्षांपूर्वीच्या हजेरीपटावरून सगळ्या कामगारांची यादी केली, कोण रसायनाच्या विभागात होते ते पाहिले आणि पुढे कोणाला आजार झाला हे नोंदींतून शोधले, तर ती कोहॉर्ट स्टडीच होते. माहिती जुनी आहे की नवी, हा मुद्दा गौण आहे. माणसे निवडली कशावरून, आजारावरून की सवयीवरून, हा खरा प्रश्न आहे.

धोका आणि ऑड्स यांत फरक काय?

समजा, १० जणांपैकी २ आजारी पडले. धोका म्हणजे आजारी भागिले एकूण : १० पैकी २, अर्थात २० टक्के. ऑड्स म्हणजे आजारी भागिले आजारी न पडलेले : २ भागिले ८, म्हणजे ०.२५. दोन्ही आकडे जवळपास आहेत. पण १० पैकी ८ जण आजारी पडले, तर धोका ०.८ आणि ऑड्स ८ भागिले २, म्हणजे ४. घटना दुर्मीळ असेल तर दोन्ही मापे एकमेकांना चिकटून राहतात, घटना सर्रास घडणारी असेल तर ती लांब जातात. दोन गटांच्या धोक्यांचे गुणोत्तर म्हणजे रिलेटिव्ह रिस्क आणि दोन गटांच्या ऑड्सचे गुणोत्तर म्हणजे ऑड्स रेशो.

केस-कंट्रोल अभ्यासात धोका का काढता येत नाही?

लंडनच्या अभ्यासातील पुरुषांचे आकडे पाहू. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी ६४७ जण धूम्रपान करणारे होते आणि फक्त २ जण न करणारे. तुलनेच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान करणारे ६२२, न करणारे २७.

आता कोणी म्हणेल, धूम्रपान करणारे एकूण १,२६९ आणि त्यांपैकी ६४७ जणांना कर्करोग, म्हणजे धोका ५१ टक्के. पण हे ५१ टक्के लंडनच्या लोकसंख्येतून आलेले नाहीत. संशोधकांनीच एका रुग्णामागे एक निरोगी नव्हे, तर दुसऱ्या आजाराचा एक रुग्ण घ्यायचे ठरवले, त्यातून ते तयार झाले आहेत.

पडताळा सोपा आहे. वरच्या पद्धतीने धूम्रपान न करणाऱ्यांचा ‘धोका’ २९ पैकी २, म्हणजे सुमारे ७ टक्के येतो आणि गुणोत्तर ७.४ निघते. समजा, डॉल आणि हिल यांनी तुलनेचे रुग्ण दुप्पट घेतले असते आणि त्यांच्यातील धूम्रपानाचे प्रमाण तेच राहिले असते : १,२४४ करणारे आणि ५४ न करणारे. आता हेच गणित पुन्हा केले की गुणोत्तर ९.६ येते. आजार तोच, सिगारेट तीच. बदलली ती केवळ संशोधकांची निवड. तरीही ‘धोका’ बदलला. याचा अर्थ हा आकडा धोक्याबद्दल काही सांगतच नाही.

ऑड्स रेशो मात्र हलत नाही. पहिल्या मांडणीत ६४७ गुणिले २७ भागिले २ गुणिले ६२२, म्हणजे सुमारे १४. दुसऱ्या मांडणीत ६४७ गुणिले ५४ भागिले २ गुणिले १,२४४, म्हणजे पुन्हा १४. तुलनेचे रुग्ण दुप्पट केले की वरची आणि खालची संख्या सारखीच वाढते. म्हणूनच केस-कंट्रोल अभ्यासात ऑड्स रेशो वापरतात.

हा १४ म्हणजे ‘१४ पट धोका’ म्हणता येईल का? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड यांनी १९५१ मध्ये याचे उत्तर दिले. आजार लोकसंख्येत दुर्मीळ असेल, तर ऑड्स रेशो रिलेटिव्ह रिस्कच्या अगदी जवळ असतो. फुप्फुसाचा कर्करोग त्या अटीत बसतो, त्यामुळे येथे तसे म्हणणे चालते.

अर्थात १४ वरही डोळे झाकून विसंबता येत नाही. त्याचा सगळा भार धूम्रपान न करणाऱ्या २ रुग्णांवर आहे. ते २ ऐवजी ४ असते, तर ऑड्स रेशो थेट ७ वर आला असता. दिशा तीच राहिली असती, पण ‘किती पट’ हे उत्तर निम्मे झाले असते.

दुसरी अडचण आठवणीची. कर्करोग झालेला माणूस स्वतःच्या सवयी अधिक खोदून आठवतो, मुलाखत घेणाराही नकळत तसेच विचारतो. लंडनच्या अभ्यासात याची एक सुंदर तपासणी झाली. काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे मानले गेले होते, पण नंतर निदान चुकीचे ठरले. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी कर्करोगाच्या रुग्णांसारख्या नव्हे, तर तुलनेच्या गटासारख्या निघाल्या. मुलाखतीचा कल निकाल फिरवत असता, तर असे झाले नसते.

कोहॉर्ट अभ्यासाने जास्तीचे काय दिले?

डॉक्टरांच्या अभ्यासाचा १९५६ मधील अहवाल पाहा. धूम्रपान न करणाऱ्या पुरुष डॉक्टरांत फुप्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला दर हजारी ०.०७ मृत्यू होत होते, तर दिवसाला २५ ग्रॅम किंवा जास्त, म्हणजे साधारण २५ सिगारेटींएवढी तंबाखू ओढणाऱ्यांत १.६६. गुणोत्तर सुमारे २४ पट. येथे खरे दर हातात असल्याने रिलेटिव्ह रिस्क थेट काढता येते, ऑड्स रेशोची गरज उरत नाही.

त्याच अहवालात हृदयविकाराचेही आकडे होते. धूम्रपान न करणाऱ्यांत कोरोनरी थ्रॉम्बोसिसने दर हजारी ४.२२ मृत्यू, तर भरपूर ओढणाऱ्यांत ५.९९. गुणोत्तर जेमतेम १.४ पट, २४ पुढे किरकोळ वाटणारे. पण वजाबाकी करा. कर्करोगाचे जास्तीचे मृत्यू हजारामागे १.५९ आणि हृदयविकाराचे १.७७. ‘किती पट’ने लहान दिसणारा आजार प्रत्यक्षात जास्त माणसे नेत होता. ही वजाबाकी केस-कंट्रोल अभ्यासाच्या आकड्यांवरून करता येत नाही.

मग सगळे कोहॉर्ट अभ्यासच का करत नाहीत? कारण आजार दुर्मीळ असला की वाट पाहावी लागते. डॉक्टरांच्या अभ्यासाचा पहिला अहवाल १९५४ मध्ये आला, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू होते अवघे ३६. लंडनच्या रुग्णालयांत पहिल्या अभ्यासालाच ७०९ रुग्ण मिळाले होते.

मग १९९९ मध्ये काय बिघडले?

त्या अभ्यासात ७२० डॉक्टरांना रुग्णांची भूमिका करणाऱ्या कलाकारांच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. गोऱ्या रुग्णांपैकी ९०.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी ८४.७ टक्के जणांना पुढील तपासणीसाठी पाठवावे, असे डॉक्टरांनी सुचवले. पुरुष आणि महिलांचे आकडेही अनुक्रमे हेच होते. ८४.७ भागिले ९०.६ म्हणजे ०.९३, हे रिलेटिव्ह रिस्क. फरक ७ टक्के.

ऑड्सचे गणित वेगळे. ८४.७ भागिले १५.३ म्हणजे सुमारे ५.५, तर ९०.६ भागिले ९.४ म्हणजे सुमारे ९.६. त्यांचे गुणोत्तर ०.६ च्या आसपास. येथे तपासणीला पाठवणे ही दुर्मीळ नव्हे, तर दहापैकी नऊ वेळा घडणारी घटना होती. त्यामुळे कॉर्नफिल्ड यांची अट मुळातच लागू नव्हती. शिवाय खरा फरक एकाच गटात होता : कृष्णवर्णीय महिलांना ७८.८ टक्के वेळा पाठवले गेले, उरलेल्या तिन्ही गटांना ९०.६ टक्के. म्हणजे भेदभाव दिसत होता, पण बातमीत सांगितला तेवढा आणि तेथे नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये याच नियतकालिकात ही चूक उलगडून दाखवणारा लेख प्रसिद्ध झाला.

धोका थेट काढता येत असतानाही शोधनिबंधांत ऑड्स रेशो का दिसतो? वय, लिंग अशा अनेक घटकांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन ही पद्धत सर्रास वापरतात आणि तिचे उत्तर ऑड्स रेशोमध्येच येते. ते चूक नाही. त्याला ‘इतक्या पट धोका’ म्हणणे चूक ठरू शकते.

बातमीतील आकडा कसा तपासायचा?

आधी पाहावे, माणसे आजारावरून निवडली होती का. तसे असेल तर अभ्यास केस-कंट्रोल आहे, आकडा ऑड्स रेशो असणार आणि आजार दुर्मीळ असेल तरच तो ‘किती पट धोका’ म्हणून वाचता येईल. माणसे सवयीवरून निवडून त्यांच्यावर लक्ष ठेवले असेल, तर दोन्ही गटांतील मूळ टक्केवारी शोधावी आणि स्वतः भागाकार करावा. घटना दहापैकी एकापेक्षा जास्त जणांत घडत असेल, तर ऑड्स रेशो फरक फुगवून दाखवू लागतो, असा ढोबळ अंदाज धरतात. आणि भागाकार झाला की वजाबाकीही करावी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन्हींना मिळून अर्धे मिनिट लागते.