वासांची सोयरीक
लिहिता हात : भाग ७

शंतनू राजा यमुनेकाठच्या रानात हिंडत असताना त्याला कुठूनसा सुगंध येतो. त्याचा माग काढत तो नावेपाशी उभ्या असलेल्या सत्यवतीपर्यंत जाऊन पोहोचतो. महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट. कोळ्यांच्या घरी वाढलेली ही मुलगी आधी मत्स्यगंधा होती. अंगाला मासळीचा वास. पराशरांच्या वरानं ती योजनगंधा झाली. या दुसऱ्या नावात तिचा सुगंध गोड होता की मंद, हे कुठेच नाही. तो किती लांबून येत होता, एवढंच आहे. आणि तेवढ्यावर राजा चालत आला, हे वाचकाला पटतं.

आजच्या कथांमध्ये मात्र सुगंध बहुतेक वेळा ‘मंद’ असतो, ‘मधुर’ असतो, फारच झालं तर ‘धुंद करणारा’. दुर्गंध ‘उग्र’ असतो. ही विशेषणं वासाबद्दल काही सांगत नाहीत. लेखकाला तो आवडला की नाही, एवढंच कळवतात. मंद सुवास उदबत्तीचाही असतो, साबणाचाही आणि पिकत घातलेल्या फणसाचाही. वास्तविक रोजच्या बोलण्यात याहून नेमके शब्द आहेत. खवट म्हटलं की तेल किंवा खोबरं जुनं झालंय, करपट म्हटलं की पातेलं तळाला लागलंय, कुबट म्हटलं की कपडे दमट राहिलेत, आंबूस म्हटलं की पीठ फसफसलंय. या प्रत्येक वासाआधी काहीतरी घडून गेलेलं असतं, आणि कथेला तेच हवं असतं.

उपमेकडे वळायचं तर पहिल्या पावसाइतका वापरून गुळगुळीत झालेला वास दुसरा नसेल. ‘मातीचा सुगंध दरवळला’ हे वाक्य लिहिताना लेखकाचं नाक बंद असतं, फक्त हात चालू असतो. या वासाची घडण मात्र चांगलीच ठाऊक झालेली आहे. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. कोरड्या दिवसांत दगडामातीत मुरलेली तेलं पावसाच्या ओलीनं सुटतात, असं त्यांनी दाखवलं. त्यात भर पडते ती जिओस्मिन या द्रव्याची. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू ते तयार करतात. माणसाचं नाक या द्रव्याला इतकं हळवं आहे, की लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ते ओळखतं.

हेच जिओस्मिन बीटमध्येही असतं. बीट सोलताना जो मातकट वास येतो तो याचाच. तळ्यातल्या काही माशांना चिखलाची चव लागते तीही यामुळेच. तेव्हा एखाद्यानं ‘पहिली सर आली आणि अंगणाला बीट सोलल्यासारखा वास सुटला’ असं लिहिलं, तर वाचक क्षणभर थबकेल, पण त्याचं नाक होकार देईल, कारण त्या दोन वासांची खरोखरच सोयरीक आहे. कनौजचे अत्तरवाले या वासाकडे दुसऱ्या वाटेनं पोहोचले. ते भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर तापवतात आणि तिची वाफ चंदनतेलात उतरवतात. त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. आपल्याकडे नव्या माठात पहिलं पाणी भरताना जो वास येतो, तो याच घराण्यातला. उपमा आकाशातून आणायची गरज नसते. हाच वास आणखी कुठे भेटला होता, हे आठवलं की पुष्कळ काम होतं.

कधीकधी ही सोयरीक लाजिरवाणी निघते. मोगऱ्यात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. अगदी थोड्या प्रमाणात ते फुलासारखं वाटतं. प्रमाण वाढलं की त्याला विष्ठेची घाण येते, कारण ते तिथेही असतं. मोगरा जीव ओढून घेतो त्यात गोडव्याइतकाच या मळकट कडेचा वाटा आहे. बंद खोलीत उशाशी राहिलेला गजरा सकाळी कसा जड वासाचा होतो, हे गजरा माळणाऱ्या कोणालाही माहीत असतं. कथेत मात्र तो सकाळीसुद्धा ‘मधुर’च राहतो! फुलाच्या वासात किंचित कुजकेपण आणि घाणीत किंचित गोडवा शोधणारा लेखक इथे इतरांच्या पुढे जातो.

वास कोणाला येतोय, हा याहूनही मोठा प्रश्न. एकाच वासात राहिलं की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मासळी बाजारात जन्म काढलेल्या बाईला मासळीचा वास पानोपानी ‘जाणवत’ असेल, तर तिथे तिचं नाक नसून शहरातून आलेल्या लेखकाचं आहे, असं खुशाल समजावं. तिला जाणवेल तो नासलेल्या मालाचा वास, कारण तो रोजच्याहून वेगळा आहे.

एक उदाहरण घेऊ. कोकणातल्या गावी भाड्यानं राहायला आलेली पुण्याची शिक्षिका. पहिला खर्डा असा : ‘घरात सुकटाचा उग्र वास भरून राहिला होता. तिला तो असह्य झाला. पण हळूहळू तिला त्याची सवय झाली.’ तीन वाक्यं, तिन्ही खरी, आणि एकातही वास नाही. आता दुसरा खर्डा :

‘माळ्यावर सुकटाचा डबा होता. पहिल्या दिवशी तिनं ताटावर बसण्याआधी खिडकी उघडली. चौथ्या दिवशी खिडकी बंदच राहिली. महिन्यानं ती पुण्याला गेली तेव्हा आईनं तिची साडी पिशवीतून दोन बोटांनी बाहेर काढली आणि तशीच बादलीत टाकली.’

इथे वासाला एकही विशेषण नाही. वास कुठून येतो, कशाला चिकटतो, कोणाला येईनासा होतो आणि कोणाला पुन्हा येतो, एवढंच आहे. शिवाय मुलगी आणि आई यांच्यात पडलेलं अंतरही फुकटात मिळालं. मात्र याच उताऱ्यात आईच्या घरचा धूप, रिक्षाचा धूर आणि शेजारची फोडणी घातली, तर साडीचा वास हरवेल. एका प्रसंगाला एक वास पुरतो.

उपमा फसते ती बहुधा वाचकानं न हुंगलेल्या वस्तूपाशी. कस्तुरी हे त्याचं ठळक उदाहरण. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि बाजारात त्या नावानं मिळणारा वास बहुतेक कारखान्यात बनलेला असतो. नराच्या ग्रंथीतून निघणारी खरी कस्तुरी जनावरासारखी झोंबते. अत्तरवाले ती खूप पातळ केल्यावरच वापरतात. ‘कस्तुरीसारखा गंध’ वाचून वाचकाला आठवतं ते बाटलीवरचं लेबल. ही उपमा आता निवृत्त करावी.

या आठवड्यापुरता एक सराव. हिंगाच्या डबीचं झाकण उघडून हुंगा, मग तोच हिंग तापल्या तेलात टाकून पुन्हा हुंगा. गंधकाच्या संयुगांनी भरलेला तो वास तेलात पडताच लसूण-कांद्याच्या घरी जातो. हा बदल शंभर शब्दांत लिहा. ‘उग्र’ आणि ‘खमंग’ हे दोन शब्द मात्र वापरू नका. पुढच्या भागात आवाजाबद्दल.