खुर्चीचं चाक तुटलं, पण लोखंडी दांडी पायातच अडकली? ती पक्कड आणि तरफेने अशी काढा

घरून काम सुरू झाल्यावर मी एक सेकंडहँड ऑफिस चेअर घेतली. दोन वर्षं मस्त चालली. मग एका सकाळी मीटिंगमध्ये मागे रेललो आणि खालून कडकन आवाज आला. पाच चाकांपैकी एकाचं प्लास्टिक फुटून चाक बाजूला पडलं होतं. मी नवीन चाकं ऑनलाइन मागवली. जुनं काढायचं, नवीन दाबायचं, पाच मिनिटांचं काम, असं वाटलं. पण जुन्या चाकाची लोखंडी दांडी खुर्चीच्या पायातच घट्ट बसलेली होती. बाहेर जेमतेम सव्वा सेंटीमीटर दिसत होती.

मी घरातल्या साध्या पक्कडीने ती धरली आणि जोर लावून डावीकडे-उजवीकडे वाकवली. दांडी हलली नाही. उलट काळ्या नायलॉनच्या पायावर, भोकाच्या कडेला, एक पांढरी रेघ उमटली. तो पाय तडकायला लागला होता. म्हणजे शेदोनशे रुपयांच्या चाकापायी मी खुर्चीचा अख्खा स्टँड घालवणार होतो! मी तिथेच थांबलो आणि आधी ही दांडी आत कशी धरून बसते ते समजून घेतलं. तुम्ही ही चूक करू नये म्हणून हा लेख.

दांडी आत कशामुळे टिकते?

ऑफिस चेअरच्या चाकाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्या वरच्या लोखंडी दांडीला स्टेम. बहुतेक खुर्च्यांमध्ये हा स्टेम 11 मिलिमीटर जाड आणि साधारण 22 मिलिमीटर लांब असतो. त्याला आटे नसतात. स्टेमवर एक बारीक खाच असते आणि त्या खाचेत स्प्रिंगसारखी एक रिंग बसवलेली असते. ही रिंग पूर्ण गोल नसते, एका ठिकाणी कापलेली असते. मोकळी असताना ती स्टेमपेक्षा किंचित जाड असते. स्टेम भोकात दाबला की रिंग आक्रसते आणि आतून भोकाच्या भिंतीला दाबून धरते. खुर्ची उचलली तरी चाक खाली पडत नाही ते या घर्षणामुळे. याला प्रेस-फिट म्हणतात.

यातून कामाची एक गोष्ट कळते. रिंगची पकड फक्त घर्षणाची आहे, त्यामुळे स्टेम जसा सरळ आत गेला तसाच सरळ बाहेर येतो. वाकवल्याने रिंग सुटत नाही. वाकवण्याचा सगळा जोर भोकाच्या कडेवर पडतो, आणि नेमकी तीच जागा सर्वात कमजोर असते. माझ्या खुर्चीवरची पांढरी रेघ त्यामुळेच आली.

आधी ही एक तपासणी करा

काही खुर्च्यांचे आणि फर्निचरचे स्टेम आट्यांचे असतात. त्यांना तरफ लावली तर आतले आटे उपटून येतील आणि पाय कायमचा बाद होईल. म्हणून आधी खात्री करा.

स्टेम पक्कडीत धरून घड्याळाच्या उलट दिशेने तीन-चार फेरे फिरवा. फिरवताना तो हळूहळू वर येत असेल तर तो आट्यांचा आहे, पूर्ण फिरवूनच काढा. नुसता जागच्या जागी फिरत राहिला तर तो प्रेस-फिट आहे. मुळाशी पान्हा लावायला सहा बाजूंचा नट दिसला, तरी तो आट्यांचा असण्याची शक्यता जास्त. आणि अजिबात फिरलाच नाही तर? तर तो गंजून चिकटलेला असू शकतो. स्टेमच्या कडेने गंज सैल करणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी परत फिरवून बघा. माझं हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी स्टेम फिरला, पण वर आला नाही. म्हणजे प्रेस-फिट.

पक्कड ओढण्यासाठी नाही, धरण्यासाठी

तेल आणायला गेलो तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांना मी फोनवरचा फोटो दाखवला. ते म्हणाले, “अरे, पक्कडीने ओढतोस कशाला? पक्कडीने फक्त धर. ओढायचं काम तरफेला दे.” त्यांनी व्हाइस ग्रिप दाखवली. ही दाबली की लॉक होणारी पक्कड असते. एकदा घट्ट बसली की हातातून सोडली तरी सुटत नाही.

शाळेतली तरफ आठवते? टेकूच्या एका बाजूला भार आणि दुसऱ्या बाजूला आपला हात. समजा टेकूपासून स्टेम 2 सेंटीमीटरवर आहे आणि तुमचा हात 20 सेंटीमीटरवर. मग तुमचा जोर दहापट होतो. हाताने 8 किलो वजनाइतकं दाबलं तर स्टेमवर जवळपास 80 किलो वजनाइतका जोर येतो. नुसत्या हाताने एवढं सरळ ओढणं जमणार नाही.

माझ्याकडे तरफ म्हणून जाड चपट्या टोकाचा मोठा स्क्रू ड्रायव्हर होता. छोटी पहार किंवा खिळे उपटायची हातोडीही चालते. टेकूसाठी प्लायवुडचे 5-6 मिलिमीटर जाडीचे चार छोटे तुकडे घेतले. टेकू लाकडाचाच हवा. लोखंड थेट नायलॉनवर टेकवलं तर पायात खड्डा पडतो.

आता प्रत्यक्ष काम

खुर्ची गादीवर उलटी ठेवली, त्यामुळे पाय वर आले आणि स्टेम आकाशाकडे. मधल्या गॅस सिलिंडरला हात लावायचं काहीच कारण नाही, तो तसाच राहू द्या.

व्हाइस ग्रिप स्टेमवर आडवी लावली, म्हणजे तिचा दांडा खुर्चीच्या पायाला काटकोनात बाहेर आला. जबडा पायाच्या जितका जवळ लावता येईल तितका लावला. माझ्या स्टेमला मुळाशी एक छोटी कॉलर होती. कॉलर पायाला टेकलेली असल्यामुळे तिच्याखाली काही घालायला फट नव्हती. पण पक्कड लावल्यावर जबड्याखाली तरफ अडकवायला एक कड मिळाली. पक्कडीचा खरा उपयोग हाच.

मग पायावर, स्टेमच्या अगदी शेजारी, खुर्चीच्या मध्याच्या बाजूला प्लायवुडचा एक तुकडा ठेवला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जबड्याखाली घातलं आणि त्याची मूठ खुर्चीच्या मध्याकडे ठेवली. उलट्या खुर्चीचे पाय मध्याकडे खाली उतरतात, त्यामुळे मूठ दाबायला तिथे जागा मिळते.

मूठ हळू दाबली. झटका द्यायचा नाही. दाब धरून ठेवत दुसऱ्या हाताने व्हाइस ग्रिपचा दांडा थोडा मागेपुढे फिरवला. फिरत्या स्टेमला वर सरकायला कमी जोर लागतो, आणि तरफेचा जोर एकाच बाजूने येत असला तरी स्टेम तिरका होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि कॉलरखाली केसाएवढी फट दिसली. रिंग सरकायला लागल्याची ही खूण.

चार-पाच मिलिमीटर वर आल्यावर तरफ पुरेना. मूठ खाली टेकली, पण टोक अजून वर जाईना. इथे जोर वाढवू नका, टेकू वाढवा. मी प्लायवुडचा दुसरा तुकडा पहिल्यावर ठेवला, पुढे तिसरा आणि चौथा. 22 मिलिमीटरचा स्टेम असा चार टप्प्यांत वर आला. शेवटी रिंग मोकळी झाली की स्टेम एकदम सुटतो, म्हणून तोंड त्याच्या वर आणू नका आणि चष्मा घाला.

कधी थांबायचं?

भोकाच्या कडेला पांढरी रेघ दिसली किंवा आधीची रेघ लांब व्हायला लागली तर लगेच थांबा. नायलॉन तुटण्याआधी असंच पांढरं पडतं. तसंच, पूर्ण दाबूनही तीन-चार प्रयत्नांत स्टेम तसूभरही हलला नाही तर परत तेल सोडून वाट बघा. गॅस शेगडी किंवा हीट गनने तापवू नका, नायलॉन लोखंडाच्या आधी मऊ पडेल. आणि स्टेम पायाच्या पातळीतच तुटला असेल, पक्कडीला धरायला काहीच नसेल, तर ही पद्धत चालणार नाही. मग रिपेअरवाल्याकडे जा किंवा स्टँड बदला.

नवीन चाक लावण्याआधी

बाहेर आलेला स्टेम नीट बघा. त्याच्यावर रिंग आहे का? माझ्या स्टेमची खाच रिकामी होती! फोनचा टॉर्च लावून भोकात बघितलं तर रिंग आतच राहिली होती. मी लांब टोकाच्या पक्कडीने ती चिमटीत धरून काढली. ती तशीच ठेवून नवीन चाक दाबलं असतं तर ते पूर्ण आत गेलं नसतं, आणि तो पाय बाकीच्या चार पायांपेक्षा उंच राहिला असता.

दुसरं म्हणजे तेल. काढताना त्याने मदत केली, पण नवीन रिंगलाही घर्षणच हवं आहे. भोक तेलकट राहिलं तर खुर्ची उचलताच चाक गळून पडेल. मी काडीला कापड गुंडाळून भोक आतून कोरडं होईपर्यंत पुसलं.

तिसरं म्हणजे माप. बाजारात 10 मिलिमीटरचे स्टेमही मिळतात. 10 चा स्टेम 11 च्या भोकात डुगडुगतो आणि 11 चा 10 मध्ये ठोकला तर पाय फुटतो. माप जुन्या स्टेमच्या लोखंडावर घ्या, रिंगवर नको, कारण मोकळी रिंग फुगलेली असते.

नवीन चाक सरळ धरून हाताने दाबलं, शेवटी रबरी हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि कॉलर पायाला टेकली. मग चाक धरून जोरात ओढून बघितलं, आलं नाही. ती पांढरी रेघ मात्र अजून तिथे आहे. तिच्या दोन्ही टोकांना मी पेनने खुणा केल्यात आणि दर महिन्याला फोनवर एक फोटो काढतो. रेघ खुणेच्या पुढे गेली की त्या खुर्चीवर बसणं बंद आणि नवीन स्टँड, असं ठरवलंय. सध्या ती खुणेच्या आत आहे.