हात वर जाताना बाजूला का फेकला जातो?

संगणकावरच्या एका पात्राने हात समोर ताठ धरला आहे. तो वर उचलून डोक्याच्या थोडा मागे न्यायचा आहे, एकूण १२० अंश. पहिल्या फ्रेमवर एक की आणि पंचविसाव्या फ्रेमवर दुसरी. दोन्ही फ्रेमवर हात हवा तिथेच दिसतो. पण ॲनिमेशन चालवलं की मध्येच हात डावीकडे फेकला जातो, पिळवटतो आणि मग योग्य जागी येतो. चूक हाताच्या स्थितीत नाही, ती स्थिती ज्या आकड्यांत लिहून ठेवली आहे त्या आकड्यांत आहे.

ऑयलर पद्धतीत कुठलीही दिशा तीन कोनांनी लिहितात. ब्लेंडरच्या नेहमीच्या क्रमात आधी एक्स अक्षाभोवती, मग वाय आणि शेवटी झेडभोवती फिरवायचं. इथे एक्स हाताच्या लांबीतून जातो, वाय डावीकडे आणि झेड सरळ वर. आपली शेवटची स्थिती म्हणजे (०, –१२०, ०). पण (१८०, –६०, १८०) लिहिलं तरी हात नेमका तिथेच पोहोचतो. मोशन कॅप्चरची हालचाल किंवा बेक केलेलं ॲनिमेशन कोनांत बदलताना प्रोग्राम मधला कोन सहसा –९० ते ९० मध्येच ठेवतो, म्हणून तो दुसरा त्रिकुट निवडतो.

आता वक्राचं काम बघा. त्याला हात माहीत नसतो, फक्त आकडे माहीत असतात. शून्यापासून (१८०, –६०, १८०) पर्यंत जाताना निम्म्या वाटेवर तो (९०, –३०, ९०) काढतो. ही स्थिती मांडून पाहिली तर हात पूर्ण डावीकडे, जमिनीपासून जेमतेम तीस अंश वर असतो. खरं तर तो समोरच, साठ अंश वर असायला हवा होता. ग्राफ एडिटरमध्ये हा दोष ओळखायला सोपा आहे: एक्स आणि झेडचे वक्र एकाच वेळी १८० अंशांनी उडी मारतात. असा दोष ऑयलर फिल्टर बहुधा दुरुस्त करतो.

गिम्बल लॉक मात्र फिल्टरने जात नाही. हात सरळ वर, म्हणजे वाय –९० वर आणला, की हाताच्या लांबीतून जाणारा एक्स आणि उभा झेड एकाच रेषेत येतात. एक्स फिरवा किंवा झेड, हात स्वतःभोवतीच वळतो. तिसऱ्या दिशेला वळवण्यासाठी कुठलाच कोन उरत नाही. त्या दिशेला किंचित झुकवायचं तर एक्स आणि झेडला मोठी झेप घ्यावी लागते. अक्षांचा क्रम बदलून ही जागा दुसरीकडे सरकवता येते, पण ती नाहीशी होत नाही.

विल्यम रोवन हॅमिल्टन यांना क्वाटर्नियन सुचले ते १८४३ साली, डब्लिनमध्ये. केन शूमेक यांनी १९८५ मध्ये ते ॲनिमेशनच्या वक्रांसाठी कसे वापरायचे ते दाखवलं. यात तीन वेगवेगळी वळणं नसतात. एकच अक्ष आणि एकच कोन असतो, चार आकड्यांत साठवलेला: पहिला आकडा अर्ध्या कोनाचा कोसाइन, उरलेले तीन अक्षाची दिशा गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. आपल्या हाताची सुरुवात (१, ०, ०, ०) आणि शेवट (०.५, ०, –०.८६६, ०). दोन्हींची बेरीज करा आणि लांबी पुन्हा एक होईल असं भागा. उत्तर येतं (०.८६६, ०, –०.५, ०). ०.८६६ हा ३० अंशांचा कोसाइन, म्हणजे वळण बरोबर ६० अंशांचं. हात समोरच्या समोर, सरळ कमानीत वर जातो आणि ९० अंशांवरून जाताना कुठे अडकत नाही, कारण या मांडणीत एकमेकांवर येऊन बसणारे अक्षच नाहीत.

तरी एक सापळा आहे. चारही आकड्यांची चिन्हं उलटली तरी दिशा तीच राहते. शेवट (–०.५, ०, ०.८६६, ०) असा नोंदला गेला, तर हात खालून २४० अंशांचा वळसा घेत मागे जातो. म्हणून दोन कींचे आकडे जागच्या जागी गुणून बेरीज करतात. इथे ती –०.५ येते. बेरीज ऋण आली की एका कीची सगळी चिन्हं उलटायची. पात्राचा हात विनाकारण लांबच्या वाटेने जाताना दिसला, तर आधी हेच तपासावं.

आणि हाताने वक्र घडवणाऱ्या ॲनिमेटरला क्वाटर्नियन आवडत नाहीत, हे मला अगदी रास्त वाटतं. चारपैकी एकच वक्र ओढून काय होईल ते नजरेने सांगता येत नाही. गाडीच्या चाकासाठी तर ते वापरूच नयेत. दहा फेऱ्या म्हणजे ऑयलरमध्ये ३६०० अंश, वक्र नीट चढत जातो. क्वाटर्नियनला मात्र पहिली आणि शेवटची स्थिती एकच दिसते, आणि चाक जागचं हलत नाही.