सही करण्याआधी : इंडेम्निटी आणि लीन

माझ्या एका मैत्रिणीने कोथरूडला फ्लॅट ठरवला. भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार, अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. एजंट म्हणाला, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम, करा सही." मसुदा माझ्या हातात आला. आपण सगळे भाड्याचा आकडा आणि तारीख बघतो, मधली पानं तशीच उलटतो. खरी गंमत तिथेच असते!

एका कलमात लिहिलं होतं, 'कोणत्याही कारणाने होणाऱ्या सर्व नुकसानीबाबत लायसन्सी मालकाला इंडेम्निफाय करेल.' साध्या मराठीत, मालकाला बसणारा भुर्दंड तुम्ही भरून द्यायची हमी. 1872च्या करार कायद्यात अशा हमीची व्याख्या आहे आणि तुमच्याच नव्हे, तर तिसऱ्या कुणाच्या वागण्याने झालेलं नुकसानही तिच्यात बसू शकतं.

समजा, वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, खालच्यांचं फॉल्स सीलिंग भिजलं आणि 22 हजारांचं बिल आलं. खालचे मालकाला धरणार, मालक तुम्हाला. चूक तुमची, तर पैसे द्या, तक्रार नाही. पण भिंतीतली वीस वर्षं जुनी पाइपलाइन फुटली तर? 'कोणत्याही कारणाने' या दोन शब्दांवर बोट ठेवून मालक तेव्हाही बिल तुमच्याच पुढ्यात ठेवणार. म्हणून तिथे 'लायसन्सीच्या हलगर्जीपणामुळे' असं लिहून घ्यायचं. आणि 'जुन्या प्लंबिंगची दुरुस्ती मालकाकडे' ही ओळही हवी.

पुढच्या पानावर 'लीन' होतं : भाडं थकलं तर लायसन्सीच्या सामानावर मालकाचा लीन राहील. लीन म्हणजे येणं वसूल होईपर्यंत वस्तू अडकवून ठेवायचा हक्क. शिंप्याने शिलाई मिळेपर्यंत ड्रेस न देणं, तसंच. पण तो ड्रेस शिंप्याच्या ताब्यात असतो. तुमचा टीव्ही तुम्ही राहता त्या घरात, तुमच्याच ताब्यात असतो. या कलमाच्या जोरावर मालकाने परस्पर कुलूप ठोकायचं नसतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तरी त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. शिवाय लीन म्हणजे विकायचा हक्क नव्हे. आणि ऑफिसचा लॅपटॉप किंवा भाड्याने आणलेला फ्रिज? ते तुमचेच नाहीत, तुम्ही ते अडकवायला कशी परवानगी देणार?

तरीही हे कलम राहू देऊ नये असं माझं मत. घर सोडायच्या दिवशी टेम्पो दारात उभा असताना हाच कागद नाचवला जातो. मालकाचं येणं सुरक्षित करायला डिपॉझिट असतंच ना?

मैत्रिणीच्या मालकाने 'हलगर्जीपणा' लगेच मान्य केला. लीनवर जरा ताणाताणी झाली. शेवटी सामानाचा उल्लेख गेला आणि 'थकबाकी बिलं दाखवून डिपॉझिटमधून वळती होईल, उरलेली रक्कम चावी देतानाच परत' असं वाक्य आलं. मग नोंदणी झाली. ती करून घेण्याची जबाबदारी 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकलेली आहे, हे एजंटने मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.