मेहनती? कशावरून?

बायोडेटात नावाखाली तीन-चार ओळींत स्वतःचा परिचय लिहायची पद्धत आता चांगलीच रुळलीय. आमच्याकडे अर्ज दाखवायला ज्या बायका येतात, त्यातल्या बहुतेकींच्या परिचयात तेच तीन शब्द असतात. पॅशनेट, डायनॅमिक, हार्डवर्किंग. कुणाच्या भाच्याने, नाहीतर झेरॉक्सवाल्याने टाइप करून दिलेले! वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण ‘मी आळशी आहे’ असं अर्जात कुणीच लिहीत नाही.

परवा एक ताई आल्या. पतसंस्थेत हिशेबाच्या कामाला मदतनीस हवी होती. मी त्यांच्या कागदावर प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ असं लिहिलं.

‘हार्डवर्किंग’चं उत्तर लगेच आलं. ‘‘अहो, सहा वर्षं बचत गटाचा जमाखर्च मीच लिहितेय.’’ सभासद किती? १२. गटाने बँकेचं दीड लाखाचं कर्ज घेतलं होतं, त्याचे २४ हप्ते झाले, एकही थकला नाही. पैसे गोळा करून बँकेत भरायला कोण जायचं? ‘‘मीच की!’’ ‘पॅशनेट’पाशी थोडा वेळ गेला. मग कळलं, घरचं आवरून संध्याकाळी तीन महिने त्या टॅलीच्या क्लासला गेल्या आणि गटाची मागच्या वर्षाची वही त्यांनी स्वतःच टॅलीत चढवली. ‘डायनॅमिक’ला मात्र उत्तर सापडेना. तो खोडला.

शेवटी परिचय असा झाला: ‘१२ सभासदांच्या बचत गटाचा जमाखर्च सहा वर्षे लिहीत आहे. गटाच्या दीड लाखाच्या कर्जाचे २४ हप्ते गोळा करून वेळेवर बँकेत भरले. टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स. गटाच्या एका वर्षाच्या नोंदी टॅलीत केल्या.’

त्यांना ‘कर्ज फेडलं’ असंच लिहायचं होतं. पण कर्ज फेडलं ते सगळ्या गटाने, यांनी केलं ते गोळा करणं आणि भरणं. मुलाखतीत नेमकं इथंच बोट ठेवतात. ‘लाखोंची उलाढाल’ही मी घालू दिली नाही. ‘किती लाख?’ असं विचारलं तर काय सांगणार? आकडा पक्का आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावं. पुरावा म्हणून गटाच्या कर्जखात्याच्या पासबुकाची झेरॉक्स गटाला विचारून जवळ ठेवावी. वही मात्र नेऊ नये, कोणी किती उसने घेतले ते त्यात नावानिशी असतं.

सगळ्याच कामाला रुपयांचा आकडा नसतो. घरी शिकवण्या घेणारीने किती मुलं, कुठली इयत्ता, किती वर्षं एवढं लिहिलं तरी पुरतं.

त्याच ताईंनी पुढच्या आठवड्यात एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायच्या जागेसाठी अर्ज केला. वाक्यं तीच राहिली, फक्त टॅलीचं सगळ्यात वर गेलं.