पावसाळी रोपं घेताना : इंच, ऊन आणि भाव

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की नर्सऱ्यांमध्ये नवा माल उतरतो. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथल्या रोपांबरोबर आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून आलेली रोपंही आपल्याकडच्या बाजारात असतात. मग नर्सरीच्या फलकावर किंवा मोबाइलवर फोटो येतो आणि खाली चार ओळी. समजा, असा मजकूर आहे :

‘पावसाळी माल आला! देशी जास्वंद, ६×८ पिशवी, ८० रु. मोगरा, ६×८ पिशवी, ८० रु. सोनटक्का, ८ इंची कुंडी, १५० रु. कढीपत्ता, ५×७ पिशवी, ५० रु. अडेनियम, ६ इंची कुंडी, २०० रु. कुंडीसाठी विचारा. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता : पूर्ण ऊन. सोनटक्का : अर्धी सावली. अडेनियम : पावसात ठेवू नका.’

भाव गावोगाव आणि हंगामागणिक बदलतात, इथले आकडे फक्त समजण्यापुरते धरा. मजकुराचा हा साचा मात्र चांगला आहे, कारण नवशिक्याला लागणाऱ्या तीनही गोष्टी त्यात आहेत : रोप कशात आहे, त्याला ऊन किती हवं आणि पावसाशी त्याचं जमतं का. नुसतं ‘जास्वंद ८० रु.’ असं लिहिलेलं असलं, तर ते ८० रुपये कशाचे ते कळत नाही.

आधी आकड्यांचं पाहू. ६×८ म्हणजे पिशवीचं माप इंचांत, रुंदी आणि उंची. कुंडीच्या बाबतीत इंच म्हणजे वरच्या तोंडाचा व्यास. कुंडीचा घाट तोच राहिला तर ६ इंचीपेक्षा ८ इंची कुंडीत सव्वादोन पटींहून जास्त माती मावते आणि १२ इंचीत तब्बल आठ पट. दिसायला दुप्पट, पण मातीच्या हिशेबात आठपट. पावसाळ्यात नेमका इथेच घोळ होतो. ‘आत्ताच मोठी घेतली की पुन्हा बदलायला नको’ म्हणून लोक ६×८ पिशवीतलं रोप थेट १२ इंचीत लावतात. रोपाची मुळं मधल्या मूठभर मातीतच असतात. बाकीच्या मातीतलं पाणी ओढून घ्यायला मूळच नसतं, त्यात आभाळ भरलेलं, ऊन नाही, त्यामुळे ती माती दिवसेंदिवस ओली राहते. ओल्या मातीत हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात आणि कुजतात. म्हणून या पिशवीतल्या जास्वंदीला ८ इंची कुंडी पुरे. वर्षभराने तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावू लागली की १० इंची. शिवाय १२ इंची कुंडी भिजली की १५ किलोच्या पुढे जाते, बाल्कनीच्या ग्रिलवर ती ठेवूच नये.

आता ही जास्वंद लावायची कशी ते नीट बघू. रोप आणलं की लगेच कुंडीत घालू नका, चार-पाच दिवस पिशवीसकट उजेड असलेल्या सावलीत राहू द्या. तोवर मिश्रण करा : दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. उन्हाळ्यात वाळूऐवजी कोकोपीट चालतं, पण ते पाणी धरून ठेवतं, म्हणून भरपावसात ते कमीच बरं. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या चौथाईच्या आसपास. त्यामुळे मुंबई-कोकणात वाळू-तुसाचा भाग वाढवायचा आणि पुण्या-नाशकाकडे वरचं प्रमाण ठेवायचं.

कुंडीच्या भोकावर एक खापर पालथं ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निघतं. पिशवी ब्लेडने उभी चिरा, खोड धरून रोप ओढू नका. आतला गोळा हातात घेतला की नीट पाहा. बऱ्याच नर्सऱ्यांत चिकट लाल माती वापरतात आणि ती वाळली की विटेसारखी घट्ट होते. तसाच गोळा भुसभुशीत मिश्रणात बसवला तर पाणी त्याच्या बाजूने निसटून जातं आणि पावसाने उघडीप दिली की आतली मुळं कोरडी राहतात. अशा वेळी गोळा दहा-पंधरा मिनिटं बादलीत भिजवा आणि बाहेरचा अर्धा इंच थर बोटांनी हलकेच सुटा करा. मुळं पांढरट, ताठ असतील तर रोप उत्तम. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील तर ती स्वच्छ कात्रीने कापून टाका. निम्म्याहून जास्त तशीच असतील तर रोप परत द्या.

लावताना वर एक इंच जागा मोकळी सोडा. पहिला आठवडा उजेडात, पण थेट उन्हाबाहेर, मग हळूहळू उन्हात. तीन आठवडे खत नाही. नव्या मुळांना आधी जागा धरू द्या.

पाण्याचा नेम घड्याळाला बांधू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. रोप माना टाकतंय म्हणून नवशिके आणखी पाणी घालतात, पण आधी माती पाहावी. माती कोरडी असून पानं मलूल असतील तर तहान आहे. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, पिवळी पडत असतील तर मुळं कुजत आहेत. तेव्हा पाणी बंद करा आणि कुंडी पावसाच्या माऱ्यातून आडोशाला घ्या. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढूनच ठेवा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. कोवळ्या शेंड्याला आणि कळीच्या देठाला कापसासारखं पांढरं काही दिसलं की समजावं. कीड थोडी असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून उघडिपीच्या संध्याकाळी फवारा. पाऊस पडला तर फवारा धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो.

वरच्या यादीत पावसाळ्यासाठी सगळ्यात सोपा सोनटक्का. ओल त्याला मानवते, कोवळं ऊन पुरतं आणि फुलंही याच दिवसांत येतात. मोगरा आत्ता लावायला हरकत नाही, पण त्याचा बहर उन्हाळ्यातला, तेव्हा आता फुलं आली नाहीत म्हणून रोपाला दोष देऊ नका. अडेनियमच्या फुगीर खोडात पाणी साठलेलं असतं, त्यावर सतत पाऊस पडला की खोड मऊ पडून सडतं. त्याला छपराखालची उजेडाची जागा नसेल तर ते दिवाळीनंतरच आणावं.

भावाचं गणित सरळ आहे. पैसे जातात ते रोपाचं वय, पिशवीचं माप आणि कलम यांना. रंगीत संकरित जास्वंद कलमी असेल तर देशीच्या दुप्पट-तिप्पट भाव सांगतात, पण नवशिक्याने आधी देशीच घ्यावी. ती काटक असते आणि पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, सहा-आठ इंच लांब फांदीपासूनही सहज रुजते. शेजारी जास्वंद असेल तर ८० रुपयेही वाचतात. बजेट काढताना मात्र फक्त रोपाचा आकडा धरू नका. ८० रुपयांच्या जास्वंदीला प्लॅस्टिकची ८ इंची कुंडी आणि माती-खत मिळून जवळपास तितकाच किंवा जास्त खर्च येतो.

मजकुरात न लिहिलेली एक गोष्ट दुकानात तोंडी विचारा : माल कधी उतरला? ट्रकमधून कालच आलेली रोपं प्रवासाने दमलेली असतात आणि घरी आल्यावर पानं गाळतात. नर्सरीत आठ-दहा दिवस ठरलेलं, शेंड्याला नवी पालवी फुटलेलं रोप निवडा, मग त्यावर फुलं कमी दिसली तरी चालेल.