तेरा किलोमीटरचा शर्ट

देवघरातल्या वातींच्या कापसाचा एक पुंजका घ्या आणि दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. काही जोर न लावता तो सुटतो. आता तोच कापूस बोटांत पिळून बारीक वात करा आणि पुन्हा ओढा. या वेळी तो हाताला विरोध करतो. मध्ये डिंक घातला नाही, गाठ मारली नाही. फक्त पीळ दिला. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातल्या घर्षणामुळे कोणी कोणाला सोडत नाही. ऑफिसला घालायचा प्रत्येक सुती शर्ट नुसत्या याच पकडीवर उभा असतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचा तंतू २८ ते ३० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वा इंचाहूनही थोडा कमी. शर्टाच्या कापडाला ४० नंबरचं सूत सर्रास वापरतात. या सुताच्या एका ग्रॅमची लांबी सुमारे ६८ मीटर भरते. अंगावरचा शर्ट दोनशे ग्रॅमचा धरला, तर त्यात साडेतेरा किलोमीटर सूत झालं! आणि एवढ्या लांबीत सव्वा इंचाहून फार मोठा असा एकही तंतू नाही. पहिल्या नोकरीचे कपडे घ्यायला निघालेल्या माणसाने दुकानात शिरण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवलं, की ‘स्वस्त’ आणि ‘टिकाऊ’ यांतला फरक कुठे लपतो ते दिसू लागतं.

तो लपतो तंतूच्या टोकांत. सूत आखूड तंतूंचं असेल तर तेवढ्याच लांबीत टोकं जास्त येतात आणि ती बाहेर डोकावतात. घासलं की सुटतात, फुलतात, त्यांच्या बारीक गोळ्या होतात. चांगल्या सुतासाठी कताईआधी रुई विंचरून आखूड तंतू बाजूला काढतात. गिरणीच्या भाषेत हे ‘कोम्ब्ड’ सूत. काढलेला हिस्सा वजनातून जातो, म्हणून ते महाग पडतं. त्याहून पुढची पायरी दुपदरी सुताची: ८० नंबरचे दोन बारीक धागे एकमेकांभोवती पिळले की जाडी ४० नंबरच्या एकेरी धाग्याइतकीच राहते, पण धागा जास्त एकसारखा आणि घट्ट होतो. अशा कापडावर २/८० असं लिहिलेलं आढळतं.

मग जितकं महाग तितकं टिकाऊ का? नाही, आणि तंग खिशाला ही बातमी सुखाची आहे. सुताचा नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं. शंभर नंबरच्या वरचा तलम शर्ट हाताला रेशमासारखा लागतो, किंमतही तशीच असते, पण बसच्या दांड्याशी आणि पाठीवरच्या बॅगेशी रोज घासायला तो केलेलाच नाही. किंमत आणि टिकाऊपणा काही अंतर बरोबर चालतात आणि पुढे त्यांच्या वाटा फुटतात. आपल्याला हवं ते कापड त्या फाट्याच्या अलीकडे असतं: ४० ते ६० नंबरचं, घट्ट विणीचं, साधं पॉपलिन किंवा ऑक्सफर्ड. इचलकरंजी आणि भिवंडीचे यंत्रमाग अशा साध्या कापडासाठीच ओळखले जातात.

आता हिशेब. समजा, एक मुलगा बार्शीहून पुण्याला हिशेब-तपासनिसाच्या ऑफिसात लागला आहे. आठवडा सहा दिवसांचा, हातात आठ हजारांच्या आसपास रक्कम, पहिला पगार महिनाभराने. शर्ट किती हवेत, याचं उत्तर बहुतेक जण आठवड्याच्या दिवसांकडे बघून देतात. ते खरं धुण्याच्या दिवसांवर ठरतं.

तो बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी कपडे धुतो असं धरू. सोमवार ते बुधवार तीन शर्ट गेले. बुधवारी रात्री ते तिन्ही दोरीवर आहेत, म्हणून गुरुवारी चौथा लागतो. शुक्रवारी आधीचे वाळलेले असतात. म्हणजे चार शर्टांत आठवडा निघतो. मात्र हे उन्हाळ्यापुरतं. जुलैमध्ये पुण्यातल्या खोलीत पंख्याखाली जाड सुती शर्टाला दोन दिवस लागू शकतात आणि शुक्रवारी अंगात घालायला काही उरत नाही. पाचवा शर्ट घेण्यापेक्षा चारांतला एक टेरिकॉटचा घ्यावा. पॉलिएस्टर पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तो रात्रीत वाळतो आणि शुक्रवार सांभाळतो. चारही टेरिकॉटचे मात्र नकोत. एक तर घाम शोषला जात नाही. दुसरं म्हणजे, सुती कापडावर आलेल्या गोळ्या कालांतराने तुटून गळतात, पण पॉलिएस्टरचा तंतू इतका चिवट असतो की तो गोळी सोडतच नाही.

पँट एका धुण्यात दोन-तीन दिवस चालते, म्हणून दोन पुरतात. रंग आधी पँटचे ठरवावेत: एक गडद निळी, एक राखाडी. मग चारही शर्ट या दोन्हींवर जातील असेच निवडायचे: पांढरा, फिका आकाशी, बारीक रेघांचा, फिका राखाडी. चार गुणिले दोन, आठ जोड्या झाल्या. एखादा मोरपंखी शर्ट फक्त एकाच पँटवर गेला, तर गुणाकारातली एक जोडी गळते. मुलींच्या कुर्त्यांना आणि सरळ पँटना हाच गुणाकार लागू आहे, फक्त ओढणी आली की तोही आकडा मध्ये घालायचा.

चारशेचा शर्ट घ्यावा की नऊशेचा? भाव गावोगावी बदलतात, पण उदाहरणापुरते हे धरू. नऊशेचा शर्ट चारशेच्या सव्वादोन पट महाग आहे, म्हणून तो सव्वादोन पट धुण्यांना पुरला तरच बरोबरी होते. चारशेचा तीस धुण्यांनंतर ऑफिसात घालण्यासारखा उरला नाही असं समजा, तर नऊशेच्या शर्टाने अडुसष्ट धुणी काढायला हवीत. चार शर्ट आणि सहा दिवस म्हणजे प्रत्येक शर्ट आठवड्याला सरासरी दीड वेळा पाण्यात जातो. त्या वेगाने चारशेचा शर्ट पाच महिन्यांच्या आतच उतरतो आणि नऊशेच्या शर्टाला साडेदहा महिने काढावे लागतात. त्यापुढचा प्रत्येक आठवडा निव्वळ नफा. नऊशेतले चारशे नुसते खिशावरच्या चिन्हाचे असतील, तर हे गणित कोसळतं. त्यामुळे किंमतपट्टी सोडून कापडाकडे आणि शिवणीकडे बघायचं.

बघायचं कसं? कापड उजेडासमोर धरा. वीण एकसारखी दिसते की मध्ये विरळ पट्टे आहेत, ते लगेच कळतं. मग कापडाची घडी आपल्याच घडीवर जोरात चोळा. हाताला पांढरी पूड लागली तर विरळ वीण भरून दिसावी म्हणून वर खळ चढवलेली आहे, ती पहिल्या धुण्यात नाल्यात जाणार. शिवणीवर इंचभर पट्टी ठेवून टाके मोजा. सात-आठ टाके म्हणजे घाईचं काम, बारा-चौदा म्हणजे शिवणारा थांबून शिवत होता. पँट उलटी करून बसण्याच्या जागेची मधली शिवण बघा. तिथे इंचभर दाब सोडलेला असेल तर वजन वाढलं तरी पँट ढिली करता येते. तयार पँटमध्ये बहुधा हा दाब कापून टाकलेला असतो. गावातल्या ओळखीच्या टेलरकडून शर्टपीस-पँटपीस शिवून घेणं अजून परवडतं, त्याचं मोठं कारण हा दाबच.

शिवायला टाकायचं असेल तर सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच द्यावं. कॉलरच्या आत बकरम असतं. वरचं कापड धुण्यात आकसलं आणि बकरम आकसलं नाही, की कॉलरवर फुगे येतात. तयार शर्टात बकरम बहुधा उष्णतेने चिकटवलेलं असतं, तिथे चिकटवण हलकी असेल तर हेच होतं. इस्त्रीने ते फुगे जात नाहीत, आणि बाकी शर्ट कितीही धडधाकट असला तरी ऑफिसात तो शर्ट म्हातारा दिसतो.

आता खर्चाची मांडणी. कापड आणि शिलाई मिळून शर्टाला नऊशे, पँटला तेराशे धरू. रुजू होण्याआधी दोन शर्ट, एक पँट, दीड हजारांचे काळे बूट आणि चारशेचा पट्टा: पाच हजार. कॉलेजातले साधे, एकरंगी शर्ट आणि बरी पँट पहिला महिना सोबत चालवायची. उरलेले दोन शर्ट आणि दुसरी पँट, एकतीसशेची, पहिल्या पगारानंतर. हा उशीर फायद्याचा आहे. ऑफिसात लोक खरोखर काय घालतात, शर्ट खोचतात की नाही, वातानुकूलन किती गार असतं, हे महिनाभरात कळलेलं असतं. एकूण खर्च एक्क्याऐंशीशे.

घरी आणल्यावरही तंतूंचे स्वभाव विसरता येत नाहीत. कापूस ओला झाला की कोरड्यापेक्षा अधिक मजबूत होतो. व्हिस्कोज, म्हणजे आपण ज्याला रेयॉन म्हणतो ते, अगदी उलट वागतं: ओलं असताना त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. दोन्ही मुळात सेल्युलोजच, पण रेयॉनमध्ये ते विरघळवून पुन्हा तंतू केलेलं असतं, त्याच्या साखळ्या आखूड आणि कमी शिस्तीत रचलेल्या राहतात. म्हणून सुती शर्टाची कॉलर साबण लावून ब्रशने घासली तर चालतं, पण पॉलिएस्टर-व्हिस्कोजची पँट दोन्ही हातांनी करकचून पिळायची नाही. तशीच निथळत टांगायची. इस्त्री उलट्या बाजूने किंवा वर ओलसर रुमाल ठेवून करायची, कारण तापलेली इस्त्री थेट लागली की पॉलिएस्टरचे तंतू चपटे होतात आणि मांडीवर, बसण्याच्या जागेवर चकाकी येते. एकदा आलेली चकाकी धुऊन निघत नाही.

वर्षभराने शर्ट जातो तो बहुधा कॉलरच्या घडीवर, मानेमागे. मानेवरचे खुंट आणि घामट मळ तिथे रोज घासतात, बाकी कापड शाबूत असतं. अशा वेळी जुने टेलर कॉलर उसवतात, उलटी करून पुन्हा शिवतात. झिजलेली बाजू घडीच्या आत जाते आणि कोरी बाजू वर येते. बार्शीचा आपला मुलगा दिवाळीला घरी जाईल तेव्हा पांढरा शर्ट बरोबर न्यायला हरकत नाही. पुण्यातही हे काम करणारे टेलर आहेत, मात्र आधी विचारावं लागतं, कारण बकरम चिकटवलेलं असेल तर ते नाही म्हणतात.